६० ई-बसचं आगार : वीजमागणी ३ मेगावॅट की ७?

अवनी_क
एका परिवहन उपक्रमाच्या आगाराचं काम हातात आहे. शहर सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. ६० बस, सगळ्या १२ मीटरच्या, एसी, बॅटरी ३०० युनिटची. रात्री ११ ते पहाटे ५ गाड्या आगारात असतात असं कागदावर आहे. वीज कंपनीच्या अर्जात करार मागणीचा, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढणार याचा, एकच आकडा भरायचाय.

माझं गणित सरळ आहे. ६० × ३०० म्हणजे १८,००० युनिट, सहा तासांत भरायचे, म्हणून ३,००० किलोवॅट. चार्जरवाला म्हणतो, दोन गनचे, म्हणजे एका वेळी दोन बस जोडता येतील असे, २४० किलोवॅटचे ३० चार्जर लावणार, तेव्हा ७,२०० मागा. साहेब म्हणतात, दोन्हीच्या मधला ५,००० टाकून मोकळं व्हा. खरा आकडा कुठला आणि तो काढायचा कसा?

चहाबिस्किट
साहेबांना नमस्कार सांगा. या देशातली निम्मी अंदाजपत्रकं याच पद्धतीने तयार झाली आहेत.

वायरमन७७
७,२०० च मागा. पाटीवरचा आकडा गुणिले नग, एवढाच नियम मी आयुष्यभर पाळला. करार मागणी ओलांडली की जास्तीच्या केव्हीएला दीडपट दराने दंड बसतो. आणि एकदा कमी लोड घेतलं की वाढवून घेताना किती चपला झिजतात ते मला विचारा.

ठाणेकर_बी_विंग
चांगला विषय काढलात. आमच्या सोसायटीत ४० फ्लॅट आणि सहा ई-स्कूटर आहेत. कमिटी म्हणते मीटर जळेल. साधारण किती लोड वाढवून घ्यावं?

चहाबिस्किट
ठाणेकर, स्कूटर १२ मीटरची आहे का?

जुनं_उपकेंद्र
वायरमन, तुमचा नियम पंपाला आणि गिरणीला ठीक आहे. ती यंत्रं सुरू झाली की पाटीवरच्या ताकदीच्या आसपासच चालतात. चार्जरचं तसं नाही. त्याला सांगितलं तर तो २० किलोवॅटनेही देतो. जोडलेला भार ७,२०० आहे हे अर्जात लिहावंच लागेल, पण करार मागणी हा वेगळा रकाना आहे आणि तिथे तोच आकडा लिहायचं बंधन नाही.

अवनीताई, तुमच्या गणितात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत आणि दोन्ही तपासायला हव्यात. पहिली म्हणजे बॅटरी. रात्री बॅटरी भरायची नसते, दिवसा खर्च झालेली वीज परत घालायची असते. म्हणून बॅटरीच्या आकाराआधी विचारायचं ते हे : गाडी रोज किती किलोमीटर धावते आणि किलोमीटरला किती युनिट खाते? १२ मीटरची एसी बस शहरात १.१ ते १.३ च्या दरम्यान खाते असं धरून चाला. उद्या कोणी ४०० युनिटची बॅटरी बसवून दिली आणि मार्ग तेच राहिले, तर तुमची रात्रीची वीज तेवढीच राहील. जड बॅटरीमुळे वाढली तर थोडीशी वाढेल.

दुसरी म्हणजे ११ ते ५. ते खरे सहा तास आहेत का, हे आगारातला माणूस सांगेल, मी नाही. किलोमीटरचा आकडा द्या, मग पुढे बोलू.

अवनी_क
सरासरी २०० किमी. काही गाड्या १७०, काही २२०. वेळेचं म्हणाल तर ११ ते ५ हे निविदेतलंच वाक्य आहे.

सुकाणू
निविदेतलं वाक्य लिहिणारा रात्री आगारात उभा राहिलेला नसतो. मी वाहतूक नियंत्रक म्हणून बऱ्याच रात्री काढल्यात, सगळ्या डिझेलच्या काळात, पण गाड्या आत येण्याची रीत तीच आहे.

एका शिफ्टच्या आणि ऑफिसच्या वेळेच्या फेऱ्या करणाऱ्या गाड्या नऊला आत येतात. मधल्या साडेदहाला. शेवटच्या पावणेबारापर्यंत, पाऊस असेल तर बाराच्या पुढे. सकाळी पहिली गाडी पावणेपाचला गेटबाहेर पाहिजे, ती नाही गेली तर स्टेशनवरचे लोक फोन करून जीव खातात. पण सगळ्या पावणेपाचला निघत नाहीत. एक घोळका साडेपाचला आणि उरलेल्या साडेसहापर्यंत.

आणि गाडी आत आली की लगेच गन लागत नाही. वाहकाचा हिशेब, झाडलोट, धुलाई, मग जागेवर लावणे. अर्धा तास गेलाच. सकाळीही सुटायच्या अर्धा तास आधी ड्रायव्हर येऊन एसी, हवा, दरवाजे बघतो. म्हणजे तुमचा वेळ एका बाजूला सहाच्या बराच पुढे जातो आणि दुसऱ्या बाजूला चारवर येतो. गाडीगाडीवर आहे.

जुनं_उपकेंद्र
सुकाणूसाहेब, तुम्ही निम्मं काम केलंत. आता हे पैशाच्या हिशेबासारखं मांडतो.

एक गाडी : २०० किमी, किमीला १.२ युनिट, म्हणजे बॅटरीत २४० युनिट परत घालायचे. ६० गाड्यांचे १४,४०० झाले. पण मीटर चार्जरच्या अलीकडे बसतो. चार्जरमधली गळती, बॅटरी तापते ते, थंड करणारे पंप, सगळं मिळून साधारण १० टक्के जातं. म्हणून मीटरवर १६,००० युनिट, गाडीमागे २६७.

आता गाड्या तीन घोळक्यांत समजा. १५ गाड्या नऊला येऊन साडेनऊला गन लागते. २० गाड्यांना ११ ला. २५ गाड्यांना सव्वाबाराला. सकाळी शेवटचा घोळका सहापर्यंत तयार हवा. म्हणजे आगार साडेनऊ ते सहा, साडेआठ तास वीज घेऊ शकतं. १६,००० भागिले ८.५, आले १,८८० किलोवॅट. याच्याखाली तुम्ही जाऊच शकत नाही. हा तळ.

तळ गाठता येतो का, हे दोन ठिकाणी तपासायचं. सुरुवातीला १५ च गाड्या आहेत, त्या १,८८० खाऊ शकतील का? गाडीला १२५ किलोवॅट पडतात. एका गनला १२० मिळतात आणि चार्जरची गळती धरली तर मीटरवर १२७ च्या आसपास, म्हणजे जेमतेम जमतं. दुसरं, सर्वात उशिरा येऊन सर्वात लवकर जाणाऱ्या गाड्या. सव्वाबाराला लागून सव्वाचारला मोकळ्या व्हायच्या अशा २० गाड्या धरल्या तर चार तासांत ५,३४० युनिट, म्हणजे १,३३५ किलोवॅट. तेही १,८८० च्या आत बसतं. त्या वेळी बाकीच्यांनी थोडं थांबायचं, इतकंच.

आता कोणीच काही सांगितलं नाही, गन लावली की चार्जर पूर्ण जोराने सुटला, तर काय होतं ते बघा. एका गाडीला दोन-सव्वादोन तास लागतात. ११ ला लागलेल्या २० आणि सव्वाबाराला लागलेल्या २५ अशा ४५ गाड्या सव्वाबारा ते एक एकत्र खातात. ४५ × १२७, म्हणजे ५,७०० किलोवॅट. आणि अडीचला सगळं संपून आगार पहाटेपर्यंत ढिम्म. गाड्या त्याच, वीज तीच १६,००० युनिट, मागणी तिप्पट. मीटरचा रात्रीचा आलेख मध्यरात्री सुळका आणि अडीचनंतर सपाट असा दिसला, तर ओळखा की तिथे चार्जिंगला कोणी धनी नाही.

चहाबिस्किट
थोडक्यात, ६० पाहुण्यांना एकाच पंगतीला बसवायचं की येतील तसं वाढायचं.

वायरमन७७
मग ३० चार्जर घ्यायचेच कशाला? १० घ्या. २० गन × १२०, २,४०० च्या वर जायचा प्रश्नच नाही. ना सॉफ्टवेअर, ना इंटरनेट. एक गाडी भरली की दुसरी लावा. पैसेही वाचले.

सुकाणू
आणि रात्री दोनला गाड्या हलवणार कोण? तीन फेऱ्यांत ६० गाड्या गनवर न्यायच्या, भरलेली काढायची, मागच्या रांगेतली पुढे घ्यायची. आमच्या आगारात एका गाडीला धक्का न लावता दुसरी बाहेर काढणं हेच कसब होतं. शंटिंगला दोन ड्रायव्हर पूर्ण रात्र लागतील. त्यातला एक डुलकी घेतो हे धरूनच हिशेब करा. सकाळी एक गाडी ३० टक्क्यांवर उभी दिसली की बोंब नियंत्रकाच्या नावाने.

जुनं_उपकेंद्र
वायरमनचं म्हणणं एकदम मोडीत काढू नका. लोखंडाने घातलेली मर्यादा कधी हँग होत नाही. फक्त आकडा तंग आहे. शेवटच्या दहा टक्क्यांत बॅटरी वीज हळू घेते, तेव्हा १२० ची गन पूर्ण वेळ १२० देत नाही. सरासरी १०५ धरली तर २० गनना १४,४०० युनिट भरायला सात तास लागतात, त्यात गाड्या बदलण्याचा वेळ वेगळा. आणि सुरुवातीला आगारात १५ च गाड्या, म्हणजे पाच गन तशाही रिकाम्या. एक चार्जर बंद पडला की सकाळ हुकली.

डेल्फ्टची_सई
मी नेदरलँड्समध्ये असते म्हणून इकडचं सांगते. स्खिपोल विमानतळाभोवती २०१८ च्या मार्चपासून १०० जोडबस विजेवर धावतात. बॅटरी फक्त १७० युनिटची, जोडबसला ती लहानच. रात्री आगारात ३० किलोवॅटचे साधे चार्जर, आणि दिवसा मार्गाजवळ ४५० किलोवॅटचे, डोक्यावरून जोडले जाणारे. त्या गाड्या जवळजवळ चोवीस तास धावतात, रात्रीची सलग खिडकी त्यांच्याकडे नाहीच, म्हणून तसं.

मला यातून घेण्यासारखं वाटतं ते ३० किलोवॅट. अवनी, तुझ्या पहिल्या घोळक्याच्या गाड्या आठ-नऊ तास उभ्या आहेत. त्यांना १२० ची गन कशाला?

सुकाणू
कारण उद्या शेड्यूल बदलतं. आज नऊला येणारी गाडी पुढच्या महिन्यात बाराला येते. कुठली गाडी कुठल्या गनला हे ठरवून ठेवलं की पहिल्या आठवड्यात मोडतं.

डेल्फ्टची_सई
हे मान्य. इथेही शेड्यूल करणारे आणि चार्जिंग बघणारे एकमेकांशी बोलत नाहीत, तो आजार जागतिक आहे.

रात्रपाळी_११५
मी एका ई-बस आगारात रात्रीचा चार्जिंग सुपरवायझर आहे, म्हणून जपून बोलतो. उपकेंद्र साहेबांचा हिशेब बरोबर आहे, पण तो दोन ठिकाणी फुटतो.

सगळ्या चार्जरना "एकूण २,१०० च्या वर जाऊ नका" असं सांगणारी यंत्रणा मोबाईलच्या सिमवर चालते. एका रात्री नेट गेलं. अर्धे चार्जर शेवटचा हुकूम धरून बसले, अर्धे स्वतःच्या मूळ सेटिंगवर गेले, आणि ते मूळ सेटिंग होतं पूर्ण जोर. मला कळलं ते ट्रान्सफॉर्मरचा पंखा ओरडायला लागला तेव्हा. मीटर क्षणाचा झटका धरत नाही, ठरावीक मिनिटांची सरासरी धरतो, पण आमचा गोंधळ त्याच्यापेक्षा लांबला. महिन्याची कमाल मागणी त्या एका रात्रीवर लागली. तेव्हा चार्जर घेताना विचारा : संपर्क तुटला तर तू काय करतोस? उत्तर "कमी जोरावर जातो" असंच पाहिजे आणि ते स्वीकृती चाचणीत केबल उपसून बघा.

दुसरं, वीज जाऊन परत येते तेव्हा सगळे चार्जर एकाच वेळी उठतात. ते एकामागून एक उठायला हवेत, काही मिनिटांच्या फरकाने.

अवनी_क
वीज गेली तर? आमच्याकडे पावसाळ्यात तास-दीड तास जाणं नवीन नाही.

जुनं_उपकेंद्र
करून बघू. साडेनऊपासून १,८८० ने चाललंय, एकला वीज गेली. तोवर ६,५८० युनिट गेले, ९,४२० राहिले. अडीचला आली. सहापर्यंत साडेतीन तास. करार मागणी २,३०० असेल आणि ती सगळी वापरली तर ८,०५० भरतात. १,३७० कमी पडले. ६० गाड्यांत वाटले तर मीटरवर गाडीमागे २३, बॅटरीत २० युनिट, म्हणजे १७ किमी. गाड्या साधारण ९० टक्क्यांवर निघतात. २२० वाल्या मार्गांना भरलेल्या द्या, १७० वाल्यांना या. नियंत्रकाला आधी कळलं तर कोणी फोन करणार नाही.

म्हणून १,८८० चा तळ आणि करार मागणी यांच्यात जागा ठेवायची ती याच्यासाठी. वर्कशॉप, दिवे, धुलाई, कॅन्टीन यांचे ८०-१०० किलोवॅट, बॅटरी शेवटी हळू घेते त्याची भरपाई, आणि एखादी वाईट रात्र. मी २,३०० केव्हीएवर थांबेन. ट्रान्सफॉर्मर १,६०० चे दोन. एक गेला तर दुसऱ्यावर साडेआठ तासांत १३,६०० युनिट निघतात, म्हणजे ८५ टक्के. सेवा लंगडते, बसत नाही.

वायरमन७७
आणि पुढच्या वर्षी आणखी ४० गाड्या आल्या की? ११ केव्हीची केबल तर एकदाच टाकणार ना?

जुनं_उपकेंद्र
केबल आणि स्विचगिअरची जागा मोठी ठेवा, करार मागणी मोठी घेऊ नका, ती वाढवून मागता येते. २,३०० केव्हीए म्हणजे ११ केव्हीवर १२० अँपिअर, बऱ्याच ठिकाणी असलेल्या फीडरवर बसतं. ७,२०० किलोवॅट म्हणजे ३८० ते ४०० अँपिअर. एक अख्खा फीडर तुमच्या नावावर, उपकेंद्रात नवी जागा, रस्ता खोदाईची परवानगी. बिलात स्थिर आकाराचा फरक पडतो तो त्या मानाने किरकोळ, कारण ईव्ही वर्गवारीत तो उद्योगांपेक्षा बराच कमी ठेवलाय. खरे पैसे आणि खरा वेळ त्या खोदाईत जातो.

रात्रपाळी_११५
एक विचारू? हे २,१०० वर रोखून धरण्यात फायदा कोणाचा? आमच्याकडे गाड्या आणि चार्जर ठेकेदाराचे, त्याला किलोमीटरमागे पैसे. वीजबिल उपक्रम भरतो. सकाळी गाडी कमी भरली तर दंड ठेकेदाराला. मग तो म्हणतो सगळं लवकर भरून टाका. मी रोखलं की त्याचा फोन, नाही रोखलं की उपक्रमाचा.

सुकाणू
कंत्राटात कमाल मागणीची जबाबदारी कोणाची हे एका ओळीत लिहिलं नसेल, तर ती रात्रपाळीवाल्याची असते. कायम.

अवनी_क
आमच्या मसुद्यात किलोमीटरला किती युनिट याची मर्यादा आहे, कमाल मागणीबद्दल एक शब्द नाही. नोंदवून घेतलं.

आणखी एक अडतंय. एप्रिल-मेमध्ये एसीमुळे १.२ चं १.४ होईल असं उत्पादकच सांगतो. २०० किमीला २८० युनिट, ३०० च्या बॅटरीत जवळजवळ तळ. पाच-सहा वर्षांनी बॅटरी ८० टक्क्यांवर आली की २४० च उरतात. मग रात्री कितीही शिस्तीत भरलं तरी गाडी संध्याकाळी परत येणार नाही.

जुनं_उपकेंद्र
इथे बॅटरीचा आकार खऱ्या अर्थाने हिशेबात येतो. लहान पडली की दिवसा टेकू द्यावा लागतो. दुपारी एक ते तीन पाळी बदलते तेव्हा गाडीला ६० युनिट दिले, तर १२० च्या गनवर अर्धा तास. दोन तासांत ६० गाड्या, एका वेळी १५. मागणी १,९०० च्या आसपास, म्हणजे रात्रीपेक्षा जास्त नाही. आणि तेवढी वीज रात्रीतून वजा होते. अलीकडे दुपारच्या उन्हाच्या तासांना सवलत देण्याकडे दरांचा कल आहे, तोही फायदा.

उलट संध्याकाळच्या जादा दराचे तास चालू दरपत्रकात बघून घ्या. साडेनऊचा पहिला घोळका त्यात सापडत असेल तर एक पेच आहे. बारानंतरच सुरू करायचं म्हटलं तर १६,००० भागिले सहा, २,६७० किलोवॅट. वीज स्वस्त, मागणी जास्त. कुठे थांबायचं ते तुमच्या फीडरवर आणि दरांवर ठरेल, माझ्याकडे एक उत्तर नाही.

वायरमन७७
म्हणजे शेवटी २,७०० आणि वर थोडी जागा. अवनीताईंचे मूळचे ३,००० च आले की!

जुनं_उपकेंद्र
आकडा आला, कारण वेगळं आहे. २०० चे १५० किमी झाले की त्यांचा आकडा हलणार नाही, हा हलेल.

ठाणेकर_बी_विंग
माझ्या सहा स्कूटरचं राहिलंच.

वायरमन७७
बी विंग, घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर प्रत्येकी किलोवॅटच्या आतबाहेर. सहा मिळून पाच-सहा किलोवॅट, तेही सगळ्या एकदम लावल्या तर. मीटर जळत नाही, जुनी वायर जळते. वायर बदला आणि अर्थिंग बघा.

अवनी_क
गेटच्या नोंदवहीतून तीन महिन्यांच्या आत-बाहेरच्या वेळा मागवल्यात. निविदेतले ११ ते ५ बाजूला ठेवून त्याच धरणार. गाडीगाडीचे किलोमीटरही त्याबरोबर येतील.

सुकाणू
तीन महिन्यांत गणपती येतात का बघा. शेवटचे पाच दिवस जादा गाड्या रात्रभर फिरतात, काही पहाटे तीनला आत येतात आणि त्याच गाडीला सकाळची फेरी असते. ते दिवस सरासरीत मिसळू नका, वेगळे काढा.

रात्रपाळी_११५
तीनला आली, साडेतीनला गन लागली, पाचला बाहेर. दीड तासात १२० च्या गनवर १८० युनिट, तेही मी बाकीच्यांना थांबवलं तर. आमच्याकडे त्या रात्रींना गेल्या वर्षी डिझेलच्या गाड्याच सोडल्या. त्या भंगारात निघाल्यावर काय करायचं, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.